बूटलोडर अनलॉक करताना डेटा नक्की कुठला जातो, आणि का

प्रश्न: "बूटलोडर अनलॉक करून कस्टम रॉम टाकायचाय. सगळा बॅकअप घेऊन इंटरनल स्टोरेजमध्येच एका फोल्डरमध्ये ठेवलाय, कारण सिस्टम बदलली तरी इंटरनल स्टोरेज वेगळं असतं असं वाचलं. तो राहील ना? आणि व्हॉट्सअॅपचं काय?"

नाही राहणार. आज रात्री अनलॉक करणार असाल तर आधी तो फोल्डर कॉम्प्युटरवर काढा आणि मग पुढचं निवांत वाचा.

तुम्ही जे वाचलंय ते पूर्ण चूक नाहीये, पण ते दुसऱ्याच प्रसंगाबद्दल आहे. गोंधळ होतो तो इथेच, कारण लोक "अनलॉक करून फ्लॅश केलं" असं एका दमात बोलतात, आणि प्रत्यक्षात ती दोन वेगळी कामं आहेत. अनलॉक करताना फोन स्वतःहून सगळं पुसतो, डेटा ठेवायचा का असं तिथे तुम्हाला कोणी विचारत नाही. नंतर रॉम फ्लॅश करताना मात्र फोन स्वतःहून काहीच पुसत नाही, जे जातं ते तुम्ही दिलेल्या कमांडमुळे किंवा दाबलेल्या बटणामुळे जातं. तुमच्याकडे फोन अजून लॉक आहे, म्हणजे तुमची गाठ पहिल्या प्रकाराशी आहे.

आधी "इंटरनल स्टोरेज वेगळं असतं" याचं बघू. फाइल मॅनेजरमध्ये दिसणारं इंटरनल स्टोरेज, म्हणजे कमांडमध्ये आपण ज्याला `/sdcard` म्हणतो ते, नावात कार्ड असलं तरी कार्ड नाहीये आणि वेगळं पार्टिशनही नाहीये. ते खरं तर `/data/media/0` हे फोल्डर आहे, म्हणजे ज्या `userdata` पार्टिशनमध्ये तुमच्या अॅप्सचा डेटा, एसएमएस, वायफायचे पासवर्ड बसलेत त्याच पार्टिशनच्या पोटात. फार जुन्या फोनमध्ये ही दोन वेगळी पार्टिशन असायची आणि ते नाव तेव्हापासून चिकटलंय. त्यामुळे `userdata` गेलं की फोटो, डाउनलोड, तुमचा बॅकअप फोल्डर, सगळं एकत्रच जातं. खिशातलं पाकीट हरवू नये म्हणून पैसे त्याच पाकिटाच्या आतल्या कप्प्यात ठेवावेत तसं झालंय हे.

आता, फोन का पुसतो? एकदा हे कारण कळलं की बाकीची उत्तरं तुमची तुम्हालाच काढता येतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तुमचा डेटा चिपवर कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट होऊन बसलेला असतो. त्याच्या किल्ल्या फोनच्या प्रोसेसरमधल्या एका वेगळ्या सुरक्षित भागाच्या ताब्यात असतात, आणि तो भाग किल्ली देताना बऱ्याच गोष्टी तपासतो. त्यातली एक म्हणजे बूटलोडर लॉक आहे की अनलॉक. किल्ली बनली तेव्हा फोन लॉक होता, आता अनलॉक आहे, म्हणजे परिस्थिती बदलली, म्हणून किल्ली मिळणार नाही. हे नसतं तर तुमचा फोन चोरणाऱ्याने बूटलोडर उघडला असता, आत स्वतःची सिस्टम टाकली असती आणि तिच्याकडून तुमचा पासवर्ड काढून घ्यायचा प्रयत्न केला असता. म्हणून अनलॉकच्या क्षणी `userdata` पुसलं जातंच, पण समजा एखाद्या फोनने ते नीट पुसलं नाही तरी उरलेल्या बाइट्सचा उपयोग शून्य, कारण त्यांची किल्लीच मेलेली असते.

याचा दुसरा अर्थ असा की अनलॉक झाल्यावर "डिलीट झालेले फोटो परत आणा" वाल्या सॉफ्टवेअरवर पैसे घालवू नका. मेमरी कार्डवर ती कधीकधी चालतात कारण तिथे फाइल साधी पडलेली असते. इथे जरी त्यांना चिपवर काही सापडलं तरी ते नुसता कचरा वाचतील. माझ्याकडे असे फोन घेऊन लोक येतात तेव्हा मी पहिला प्रश्न एवढाच विचारतो, अनलॉक झालाय का, आणि उत्तर हो असेल तर फोन हातातसुद्धा घेत नाही.

तुमच्या फोनला हे लागू आहे का ते बघायचं असेल तर यूएसबी डीबगिंग चालू करून हे चालवा:

```
adb shell getprop ro.crypto.type
```

`file` असं उत्तर आलं तर फाइलनिहाय एन्क्रिप्शन आहे. अँड्रॉइड 10 किंवा त्यानंतरच्या व्हर्जनसह बाजारात आलेल्या फोनमध्ये हेच दिसेल.

मग राहतं काय? फोनबाहेरचं सगळं राहतं: सिमवर सेव्ह केलेले नंबर, क्लाउडवर गेलेले फोटो. फोनमधलं जे `userdata` मध्ये नाही तेही राहतं, म्हणजे आयएमईआय, मोडेमचं कॅलिब्रेशन, सेन्सर्सचं कॅलिब्रेशन, ही वेगळ्या छोट्या पार्टिशनमध्ये असतात आणि अनलॉक त्यांना हात लावत नाही. ई-सिमचं प्रोफाइल वेगळ्या चिपवर असतं त्यामुळे ते सहसा टिकतं, पण "सहसा" वर विसंबून मी माझा मुख्य नंबर ठेवत नाही, ई-सिम परत कसं मिळवायचं ते ऑपरेटरकडे आधी विचारून ठेवा.

मेमरी कार्डाबाबत एक मेख आहे. साधं कार्ड असेल, म्हणजे काढून कॉम्प्युटरला लावलं की फाइली दिसतात तसं, तर त्याला काही होत नाही. (तरी मी अनलॉकच्या आधी कार्ड काढून बाजूला ठेवतो. दोन सेकंदांचं काम आहे.) पण कार्ड टाकताना कधीतरी "फोनचं अंतर्गत स्टोरेज म्हणून वापरा" असा पर्याय निवडला असेल तर ते कार्ड एन्क्रिप्ट झालंय आणि त्याची किल्ली फोनच्या `/data` मध्ये आहे. अनलॉक केलं, `/data` गेलं, किल्ली गेली, कार्ड हातात आहे पण वाचता येत नाही. हे बऱ्याच जणांना नंतर कळतं, जेव्हा फोन म्हणतो की कार्ड फॉरमॅट करा.

तुमच्या बाबतीत मी काय केलं असतं ते सांगतो, कारण मागच्याच महिन्यात माझ्या दुसऱ्या फोनवर हेच केलंय. 128 जीबीचा फोन, साधारण 60 जीबी भरलेला.

सगळ्यात आधी फाइली नाहीत, तर ओटीपी देणारं ऑथेंटिकेटर अॅप. त्यातले कोड बनवणारी गुपितं फोनमध्येच असतात, आणि ती गेली की ज्या अकाउंटमध्ये क्लाउड बॅकअप आहे त्याच अकाउंटमध्ये शिरायला कोड लागतो आणि कोड देणारा फोन तर पुसला गेलेला. म्हणून आधी ती दुसऱ्या फोनवर एक्सपोर्ट केली आणि त्या दुसऱ्या फोनवरच्या कोडने एकदा लॉगिन करून बघितलं. नुसतं एक्सपोर्ट झालं म्हणून समाधान मानू नका.

मग फाइली. एकदम पूर्ण `/sdcard` ओढायला गेलं तर मध्येच एखाद्या फाइलची परवानगी नाही म्हणून कॉपी अडकते आणि पुढचं राहून जातं, ते लक्षातही येत नाही. म्हणून मी एकेक फोल्डर घेतो:

```
mkdir backup
adb pull -a /sdcard/DCIM backup/
adb pull -a /sdcard/Download backup/
adb pull -a /sdcard/Android/media backup/
```

`-a` मुळे फाइलींच्या मूळ तारखा राहतात, नाहीतर दहा वर्षांचे फोटो आजच्या तारखेने गॅलरीत एकावर एक येऊन बसतात. याच पद्धतीने `Pictures`, `Documents`, `Recordings` वगैरे जे असेल ते. साध्या यूएसबी 2 केबलने सेकंदाला 30 एमबीच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे 60 जीबीला अर्धा-पाऊण तास धरा, आणि लहान लहान फाइली हजारोंनी असतील तर आणखी जास्त. झाल्यावर फोनवरच्या फाइली मोजा:

```
adb shell "find /sdcard/DCIM -type f | wc -l"
```

आणि तो आकडा कॉम्प्युटरवरच्या फोल्डरच्या आकड्याशी जुळवा. माझे 41 फाइलींनी कमी आले होते, बघितलं तर केबल एकदा हलली होती, परत ओढलं. दोन-चार फोटो आणि एखादा मोठा व्हिडिओ उघडूनही बघा, शून्य बाइटच्या फाइलीही संख्येत धरल्या जातात.

व्हॉट्सअॅपचं. त्याचे चॅट दोन ठिकाणी असतात. चालू डेटाबेस अॅपच्या खाजगी जागेत, `/data/data` मध्ये, आणि तिथे रूट असल्याशिवाय आपल्याला जाता येत नाही. पण त्याची रोजची एन्क्रिप्टेड प्रत `Android/media/com.whatsapp/WhatsApp/Databases` मध्ये पडते, आणि ती वर आपण ओढलीच. फक्त ओढायच्या आधी सेटिंगमध्ये जाऊन चॅट बॅकअप हाताने एकदा घ्या, नाहीतर कालपर्यंतचंच येईल. परत आणताना क्रम महत्त्वाचा आहे: नव्या रॉमवर अॅप इन्स्टॉल करायचं पण उघडायचं नाही, फोल्डर जागच्या जागी ठेवायचं, मग उघडून तोच नंबर टाकायचा, तेव्हा ते विचारतं की बॅकअप सापडलाय, रिस्टोअर करू का. आधी उघडलं आणि घाईत "वगळा" दाबलं तर नवा रिकामा डेटाबेस सुरू होतो. आणि एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप चालू केलेला असेल तर त्याचा पासवर्ड किंवा 64 अंकी की हाताशी हवी, ती विसरला असाल तर ते एन्क्रिप्शन बंद करून नव्याने बॅकअप घ्यायची वेळ अनलॉकच्या आधीचीच आहे, नंतर कोणाकडे दाद मागता येत नाही.

बाकी अॅप्सचा आतला डेटा, म्हणजे गेमची प्रगती, नोट्स, सेटिंग्ज, हा रूट नसताना बाहेर काढायचा चांगला मार्ग खरंच नाहीये. जुन्या लेखांमध्ये `adb backup` सांगितलेलं दिसेल, त्यावर जाऊ नका, अँड्रॉइड 12 किंवा पुढच्या व्हर्जनसाठी बनवलेल्या अॅप्सचा डेटा ते घेतच नाही, आणि एररही देत नाही, फाइल बनते आणि आपल्याला वाटतं झालं. प्रत्येक महत्त्वाच्या अॅपमध्ये जाऊन त्याचं स्वतःचं एक्सपोर्ट शोधा. गूगलचा बॅकअप चालू असेल तर एसएमएस, कॉल लॉग आणि काही अॅप्सचा थोडा डेटा (अॅपमागे 25 एमबीची मर्यादा आहे) येतो, पण त्यात दोन अटी आहेत. तो जुन्या स्क्रीन लॉकने बंद केलेला असतो, म्हणून जुना पिन किंवा पॅटर्न लक्षात ठेवा. आणि वरच्या अँड्रॉइडचा बॅकअप खालच्या अँड्रॉइडवर उतरत नाही. तुमचा रॉम सध्याच्या व्हर्जनपेक्षा जुन्या अँड्रॉइडवर असेल, किंवा त्यात गूगलची अॅप्सच नसतील, तर हा आधार धरू नका.

बँकेची अॅप्स सोडून द्या, त्यांचं रजिस्ट्रेशन फोनच्या किल्ल्यांशी बांधलेलं असतं, ते नव्याने करावंच लागतं, आणि अनलॉक बूटलोडरवर ती चालतील याची खात्री नाही.

हे झालं की मग डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ओईएम अनलॉकिंग चालू, फोन फास्टबूटमध्ये, आणि:

```
fastboot flashing unlock
```

जुन्या फोनना `fastboot oem unlock` लागतं, काही कंपन्या आधी कोड किंवा स्वतःचं टूल आणि काही दिवसांची वाट बघायला लावतात. फोनच्या स्क्रीनवर शेवटचा इशारा येतो, व्हॉल्यूमच्या बटणांनी निवडायचं. ते दाबेपर्यंत काहीही गेलेलं नसतं, दाबल्यावर परतीचा रस्ता नाही.

आता दुसरा भाग, फ्लॅशिंग, आणि इथे तुम्ही जे वाचलं होतं ते खरं ठरतं. एकदा फोन अनलॉक झाला की तो अनलॉकच राहतो, किल्लीच्या दृष्टीने परिस्थिती बदलत नाही, त्यामुळे बूट इमेज बदलली, रूट केलं, त्याच रॉमचं नवं बिल्ड वरून टाकलं, यात `userdata` ला धक्का लागत नाही. पण पहिल्यांदा कंपनीच्या सिस्टमवरून कस्टम रॉमवर जाताना मात्र डेटा फॉरमॅट करायला सांगतात आणि ते ऐका. दोन्हीकडच्या सिस्टम अॅप्सवरच्या सह्या वेगळ्या असतात, एकाचा डेटा दुसऱ्याने वापरायचा म्हटला की फोन अॅप नाहीतर सेटिंग्ज उघडताच बंद पडायला लागतात, किंवा फोन लोगोवरच फिरत राहतो. तुमचा क्रमच अनलॉक आणि लगेच रॉम असा असल्याने फोन तेव्हा रिकामाच असेल, म्हणून फॉरमॅटने तुमचं काही नुकसान नाही. फक्त मध्ये उत्साहाने फोटो परत टाकू नका. मी एकदा टाकले होते, 60 जीबी, आणि अर्ध्या तासाने स्वतःच फॉरमॅट मारलं.

रिकव्हरीतल्या शब्दांकडे लक्ष द्या, सगळ्यात जास्त लोक तिथे फसतात. टीडब्ल्यूआरपीमध्ये साधं फॅक्टरी रीसेट अॅप्सचा डेटा पुसतं पण `/data/media` ठेवतं, म्हणून तिथे फोटो वाचतात. त्यातच "Format Data" आहे, जिथे `yes` टाइप करावं लागतं, ते सगळं नेतं. लिनिएजच्या रिकव्हरीत मात्र फॅक्टरी रीसेट म्हणजेच पूर्ण फॉरमॅट. म्हणजे एकच शब्द, एका ठिकाणी फोटो राहतात आणि दुसरीकडे जातात. कोणीतरी "मी रीसेट केलं, माझे फोटो राहिले" म्हणालं तर आधी विचारा कुठल्या रिकव्हरीत.

तसंच तयार स्क्रिप्टचं. पिक्सेलच्या फॅक्टरी इमेजबरोबर येणाऱ्या `flash-all` फाइलमध्ये शेवटी `fastboot -w update` अशी ओळ असते, त्यातलं `-w` म्हणजे `userdata` पुसा. आधीच अनलॉक असलेल्या फोनवर तेवढं `-w` काढून चालवलं तर सिस्टम नवी होते आणि डेटा राहतो. सॅमसंगच्या ओडिनमध्ये हाच फरक `CSC` आणि `HOME_CSC` या दोन फाइलींत आहे, पहिली पुसते, दुसरी ठेवते. बाकी सॅमसंगमध्ये फास्टबूटच नाही आणि कस्टम काही फ्लॅश केलं की नॉक्सचा फ्यूज कायमचा उडतो, नंतर मूळ सिस्टम टाकली तरी सिक्युअर फोल्डर परत येत नाही. तो डेटा नाहीये, पण "काय कायमचं जातं" यात तो धरावाच लागेल.

एक प्रसंग असा येतो की डेटा गेलेला नसतो पण लोक तो स्वतःच्या हाताने घालवतात, तो सांगून थांबतो. किल्ली देताना तो सुरक्षित भाग सिस्टमचं व्हर्जन आणि सिक्युरिटी पॅच कुठल्या महिन्याचा तेही बघतो. पॅच पुढे गेला की किल्ली नव्या पॅचला बांधली जाते, आणि नंतर जुना पॅच असलेला रॉम टाकला तर तो तिला उघडू शकत नाही. त्या वेळी फोन सुरू न होता रिकव्हरीत येतो आणि "Can't load Android system. Your data may be corrupt" असा मजकूर दाखवतो, खाली दोन पर्याय, "Try again" आणि "Factory data reset". किंवा टीडब्ल्यूआरपीत फोल्डरांची नावं चित्रविचित्र अक्षरांची दिसतात आणि इंटरनल स्टोरेज 0 एमबी दिसतं. हे दिसलं की डेटा गेला असं समजून लोक रीसेट दाबतात, आणि तेव्हा तो खरंच जातो. त्या चित्रविचित्र नावांचा अर्थ उलटा आहे, फाइली तिथेच आहेत, फक्त कुलूप उघडलेलं नाही. अशा वेळी मी काहीही फॉरमॅट न करता आधी होता तोच रॉम, त्याच किंवा पुढच्या पॅचचा, परत फ्लॅश करतो, आणि माझ्या हाताखालून गेलेल्या बहुतेक फोनमध्ये त्यानंतर पिन विचारला गेला आणि सगळं जागेवर होतं. दोनदा नाही झालं, दोन्ही वेळा मालकाने माझ्याकडे यायच्या आधीच "Factory data reset" दाबून झालं होतं.

आणि पुढे कधी फोन विकायचा किंवा बँकेचं अॅप हवं म्हणून परत लॉक करायचा विचार आला तर `fastboot flashing lock` सुद्धा तितकंच पुसतं, कारण परिस्थिती पुन्हा बदलली. त्यात वर कस्टम रॉम आत असताना लॉक केलं तर बहुतेक फोन ती सिस्टम ओळखतच नाहीत आणि सुरूच होत नाहीत. आधी कंपनीची पूर्ण सिस्टम टाका, ती एकदा नीट सुरू होऊ द्या, डेटा बाहेर काढा, मग लॉक. तुमचा फोन कुठला आहे आणि सध्या अँड्रॉइडचं कुठलं व्हर्जन, कुठल्या महिन्याचा पॅच आहे ते लिहा, म्हणजे रॉमचं कुठलं बिल्ड घ्यायचं ते बघून सांगता येईल.